लॅक्टोजचं पाणी ४.२ की ५.१? केएफच्या फॅक्टरचा आणि रीडिंगचा हिशेब

प्रश्न: क्यूसीत, म्हणजे गुणवत्ता तपासणीत, नवीन आहे. लॅक्टोज मोनोहायड्रेटचं पाणी केएफवर, म्हणजे कार्ल फिशर टायट्रेशनने, काढतोय. बाटलीवर ५ मिग्रॅ./मिलि. लिहिलंय. सोडियम टार्ट्रेट २४६ मिग्रॅ. घेतलं, ७.११ मिलि. लागलं, फॅक्टर ५.४२ आला. तीनदा केलं, तिन्ही जुळले. मग त्याच मिथेनॉलमध्ये एकापाठोपाठ तीन सॅम्पल टाकली: २५०.३ मिग्रॅ.ला १.९४ मिलि., २५१.१ ला २.०८, २४९.६ ला २.२३. टक्के येतात ४.२०, ४.४९, ४.८४. पुरवठादाराच्या सीओएवर, म्हणजे मालासोबतच्या तपासणी प्रमाणपत्रावर, ५.१ आहे. हिशेब ५ ने करू की ५.४२ ने? आणि याच मशीनवर अनहायड्रस लॅक्टोज केलं तर चालेल का?

उत्तर: ५ ने नको आणि ५.४२ ने पण नको. तुमचा गुणाकार-भागाकार बरोबर आहे, पण त्यात घातलेले दोन्ही आकडे बिघडलेले आहेत. फॅक्टर खऱ्यापेक्षा जास्त आलाय आणि लॅक्टोजचं रीडिंग खऱ्यापेक्षा कमी. दोन्ही चुका एकमेकींना थोड्या झाकतात, म्हणून तिसरं सॅम्पल ४.८४ येऊन ‘जवळपास बरोबर’ वाटायला लागलं. तुम्ही वजनं आणि मिलि. दोन्ही लिहिलेत हे बरं झालं, कारण दोष कुठे आहे ते त्याच आकड्यांत दिसतं.

आधी फॅक्टर म्हणजे काय ते नीट पाहू. केएफ रीएजंटमध्ये आयोडीन, सल्फर डायऑक्साइड आणि एक बेस असतो. मिथेनॉल असेल तर सल्फर डायऑक्साइड आधी त्याच्याशी जोडला जातो, आणि मग पाण्याचा एक रेणू आयोडीनचा एक रेणू खातो. म्हणजे मिलिलिटरमागे ५ मिग्रॅ. पाणी खाणाऱ्या रीएजंटमध्ये सुमारे ७० मिग्रॅ. आयोडीन असायला हवं. मग आयोडीनच्या वजनावरूनच ताकद का ठरवत नाहीत? कारण बाटलीत घातलेलं सगळं आयोडीन पाण्याच्या वाट्याला येत नाही. रीएजंटच्या आतच बारीकसारीक उपप्रक्रिया चालू असतात आणि त्या आयोडीन हळूहळू संपवतात. वन-कंपोनंट रीएजंट न उघडलेल्या बाटलीतसुद्धा उतरतो, आणि उघडल्यावर हवेतली वाफ त्यात भर घालते. लेबलवरचा ५ हा त्या रीएजंटचा वर्ग सांगतो, आजची ताकद सांगत नाही. म्हणून ज्यात किती पाणी आहे हे पक्कं ठाऊक आहे अशी वस्तू टायट्रेट करायची आणि आज एक मिलिलिटर किती मिग्रॅ. पाणी खातो ते काढायचं. तोच फॅक्टर.

सोडियम टार्ट्रेट डायहायड्रेट यासाठी उत्तम, कारण त्यातलं पाणी स्फटिकात बांधलेलं असतं आणि नेहमीच्या दमटपणात ते कमीजास्त होत नाही. रेणूभार २३०.०८, त्यात पाण्याचे दोन रेणू म्हणजे ३६.०३, म्हणून पाणी १५.६६ टक्के.

फॅक्टर (मिग्रॅ./मिलि.) = टार्ट्रेटचं वजन (मिग्रॅ.) × ०.१५६६ ÷ रीडिंग (मिलि.)

पाणी (%) = रीडिंग (मिलि.) × फॅक्टर × १०० ÷ सॅम्पलचं वजन (मिग्रॅ.)

दोन्ही सूत्रांत रीडिंग कुठे बसलंय बघा. फॅक्टरच्या सूत्रात ते खाली आहे, सॅम्पलच्या सूत्रात वर. टार्ट्रेटचं रीडिंग काही कारणाने कमी आलं की फॅक्टर वाढतो, आणि मग त्या दिवशीचं प्रत्येक सॅम्पल त्याच प्रमाणात जास्त दिसतं. सॅम्पलचं रीडिंग कमी आलं तर फक्त ते सॅम्पल कमी दिसतं. तुमच्याकडे दोन्ही ठिकाणी रीडिंग कमी आलंय, आणि कारण दोन्हीकडे एकच आहे: पदार्थ पूर्ण विरघळायच्या आत मशीनने पाणी संपलं असं धरून एंड पॉइंट जाहीर केला.

टार्ट्रेट मिथेनॉलमध्ये अगदी नाखुशीने विरघळतं. ४० मिलि. मिथेनॉलमध्ये १५० मिग्रॅ.च्या आसपास घेतलं, बारीक पूड असली आणि स्टरर नीट फिरत असला, तर दोन-तीन मिनिटांत साफ होतं. तुम्ही २४६ घेतलंत. त्यात पाणी ३८.५ मिग्रॅ. तुमच्या रीएजंटची खरी ताकद ५.१७ च्या आसपास असावी असं मी धरतो (का, ते पुढे येईलच). तशी असेल तर ७.४५ मिलि. लागायला हवे होते. लागले ७.११. फरक ०.३४ मिलि., म्हणजे पावणेदोन मिग्रॅ. पाणी, म्हणजे ११ मिग्रॅ. टार्ट्रेट न विरघळता राहिलं. एवढं टार्ट्रेट स्टररच्या कांडीखाली किंवा काचेला चिकटून सहज लपतं, वरून पाहून कळत नाही.

तिन्ही रीडिंग जुळले यावर जाऊ नका. दर वेळी साधारण तेवढंच वजन, तेवढंच मिथेनॉल, तेवढीच वेळ, म्हणून दर वेळी साधारण तेवढंच शिल्लक राहिलं. आरएसडी, म्हणजे रीडिंगमधला आपापसातला टक्केवारी फरक, छान येते, फॅक्टर चुकीचाच असतो. आकडे एकमेकांशी जुळणं वेगळं आणि खऱ्याशी जुळणं वेगळं. हे तपासायचा सोपा मार्ग म्हणजे पूर्णपणे वेगळ्या पदार्थाने तोच फॅक्टर काढून बघणं. मी त्यासाठी साधं शुद्ध पाणी घेतो. मायक्रोसिरिंजमध्ये पाणी भरायचं, सुई पुसायची, सिरिंजचं वजन करायचं, सेप्टममधून सुई आत घालून २० मायक्रोलिटरच्या आसपास पाणी थेट मिथेनॉलमध्ये सोडायचं, आणि सिरिंजचं पुन्हा वजन करायचं. पाणी मिथेनॉलमध्ये क्षणात मिसळतं, तिथे विरघळण्याचा प्रश्नच उरत नाही. २०.३ मिग्रॅ. पाण्याला ३.९३ मिलि. लागले तर फॅक्टर ५.१६५. टार्ट्रेटचा आणि पाण्याचा फॅक्टर एक टक्क्याच्या आत जुळला की मगच मी तो वर्कशीटवर घेतो. तुमचा ५.४२ इथे लगेच उघडा पडला असता.

पाण्याची पद्धत मात्र बॅलन्सवर अवलंबून आहे. २० मिग्रॅ.मध्ये ०.१ मिग्रॅ. इकडेतिकडे झालं की अर्धा टक्का गेला. त्यामुळे पाचव्या दशांशापर्यंत वाचणारा बॅलन्स नसेल तर रोजचा फॅक्टर पाण्यावर ठेवू नका, फक्त पडताळणीला वापरा. सुईच्या टोकाला थेंब लटकून राहिला तर वजनात गेलेला पण व्हेसलमध्ये न पडलेला, असा घोळ होतो. म्हणून सुई बाहेर काढण्याआधी टोक मिथेनॉलला किंवा आतल्या काचेला टेकवा, आणि बाहेर काढण्याआधी दट्ट्या किंचित मागे ओढा. अँपूलमध्ये मिळणारं ग्रॅममागे १० मिग्रॅ. पाण्याचं द्रव स्टँडर्ड यावर उत्तम तोड आहे. तिथे वजन एक ग्रॅमचं असतं आणि बॅलन्सची चूक नगण्य होते. महाग पडतं, एवढंच.

आता लॅक्टोजकडे. मला तुमचे आकडे पाहताक्षणी खटकलं ते ४.२० नव्हे, तर ४.२०, ४.४९, ४.८४ हा क्रम. बॅच एकच, बाटली एकच, आणि टक्के चढत चाललेत. पावडर दर दहा मिनिटांनी ओली होत नाही. लॅक्टोज मिथेनॉलमध्ये जेमतेम विरघळतं, आणि जो कण विरघळला नाही त्याच्या आतल्या पाण्यापर्यंत आयोडीन पोचत नाही. पहिल्या सॅम्पलमधला काही भाग तळाशी तसाच राहिला. दुसरं सॅम्पल टायट्रेट होत असताना तो हळूहळू विरघळत होता आणि त्याचं पाणी दुसऱ्याच्या खात्यात जमा झालं. तिसऱ्याच्या खात्यात पहिल्या दोघांची उधारी.

हिशेब करून बघा. फॅक्टर ५.१७ धरला तर तुमचे खरे आकडे ४.०१, ४.२८ आणि ४.६२ होतात. तिन्ही सॅम्पल मिळून ७५१ मिग्रॅ. लॅक्टोज. त्यात पाणी ५.०६ टक्के असेल तर ३८ मिग्रॅ. टायट्रेट झालं ३२.३. म्हणजे तिसरं सॅम्पल संपलं तेव्हा ५.७ मिग्रॅ. पाणी अजून स्फटिकांत अडकलेलं होतं, म्हणजे सुमारे ११० मिग्रॅ. लॅक्टोज तळाशी बसलेलं होतं. व्हेसल रिकामं करताना स्टररच्या कांडीभोवती पांढरट गाळ दिसला असेल, तोच हा.

हे त्याच वेळी मशीनवर दिसतं, फक्त टक्क्यांच्या आकड्याऐवजी ड्रिफ्टकडे बघावं लागतं. ड्रिफ्ट म्हणजे काही न टाकता मिनिटाला किती मायक्रोग्रॅम पाणी टायट्रेट होतंय ते. सकाळी सगळं ठीक असताना तो १०-१५ असतो. सॅम्पल संपल्यावर तो एक-दोन मिनिटांत पुन्हा तिथेच यायला हवा. लॅक्टोजनंतर तो ७०-८० वर अडकून राहिला तर पाणी अजून कुठूनतरी येतंय. रीडिंग विरुद्ध वेळ असा आलेख मशीन दाखवत असेल तर तोही बघा: विरघळलेल्या पदार्थाची रेघ चढते आणि सपाट होते, न विरघळलेल्याची रेघ सपाट झाल्यासारखी वाटते पण शेपटी वर जात राहते. इथे एक खाचही आहे. तुम्ही दुसऱ्या सॅम्पलआधी ड्रिफ्ट उतरायची वाट पाहिली असतीत, तर मशीनने कंडिशनिंगमध्ये ते उरलेलं पाणी गुपचूप संपवलं असतं आणि ते कोणाच्याच खात्यात आलं नसतं. मग तिन्ही सॅम्पल ४.० च्या आसपास, एकमेकांशी सुंदर जुळलेली मिळाली असती, आणि बॅच नापास करायची वेळ आली असती. घाई केलीत म्हणून चूक दिसली.

आणखी एक गोष्ट, जी मशीन न लावताही कळते. लॅक्टोज मोनोहायड्रेटचा रेणूभार ३६०.३१, पाण्याचा एक रेणू १८.०२, म्हणजे स्फटिकातलंच पाणी ५.०० टक्के. मर्यादा ४.५ ते ५.५ असते ती याच आकड्याभोवती. ४.० यायचं असेल तर एकतर पाचवा हिस्सा लॅक्टोज अनहायड्रस असायला हवं किंवा पाणी मोजायचं राहून गेलेलं असायला हवं. चांगल्या पुरवठादाराच्या पिशवीबाबत दुसरी शक्यता आधी धरा. आणि ओव्हनच्या एलओडीशी, म्हणजे वाळवल्यावर घटलेल्या वजनाशी, याची तुलना करू नका. ८० अंशांना फक्त पृष्ठभागावरचं पाणी जातं, ते अर्ध्या टक्क्याच्या आत असतं. स्फटिकातलं पाणी त्या तापमानाला जागेवरून हलत नाही. सीओएवर दोन्ही ओळी असतात, घाईत चुकीची ओळ वाचली जाते.

उपाय म्हणजे फॉर्मामाइड. लॅक्टोजसाठी फार्माकोपियात मिथेनॉल दोन भाग आणि फॉर्मामाइड एक भाग असं मिश्रण दिलेलं असतं, ते उगाच नाही. ४० मिलि.साठी २७ मिलि. मिथेनॉल आणि १३ मिलि. फॉर्मामाइड घ्या. विरघळतं चांगलं म्हणून फॉर्मामाइड निम्म्याच्या वर नेण्याचा मोह होतो, तो आवरा. पाण्याचा एक रेणू आणि आयोडीनचा एक रेणू हे प्रमाण मिथेनॉलमुळे टिकतं. मिथेनॉल फार कमी झालं की एक आयोडीन एकाहून जास्त पाणी खायला लागतं आणि फॅक्टरच बदलतो. कार्ल फिशरने १९३५ साली ही पद्धत मांडली तेव्हा त्याने एका आयोडीनमागे पाण्याचे दोन रेणू धरले होते. मिथेनॉलमध्ये ते प्रमाण एकास एक आहे हे १९३९ मध्ये दाखवलं गेलं. तुमच्या वन-कंपोनंट रीएजंटमध्ये मिथेनॉल बहुधा नसतंच, त्यामुळे जसजसा तो व्हेसलमध्ये पडत जातो तसतसा मिथेनॉलचा हिस्सा घटत जातो. म्हणून एकच मिश्रण दिवसभर चालवू नका, दोन-तीन सॅम्पलनंतर बदला. आणि फॅक्टरही त्याच मिश्रणात काढा, वेगळ्या मिथेनॉलमध्ये नव्हे. टार्ट्रेटही या मिश्रणात जास्त आनंदाने विरघळतं, तो फायदा वेगळा.

फॉर्मामाइड गर्भाला घातक आहे. ग्लोव्हज घालून, फ्यूम हूडमध्ये हाताळा, आणि लॅबमधल्या कोणी गरोदर असतील तर हे काम त्यांच्याकडे देऊ नका.

एवढ्यावर भागत नाही. मशीनची थांबण्याची अट बदलायला हवी. सॅम्पल टाकल्यावर लगेच टायट्रेशन सुरू न करता आधी तीन ते पाच मिनिटं नुसतं ढवळायचं, मग सुरू करायचं. शेवटही ‘दहा सेकंद स्थिर’ यावर न ठेवता ड्रिफ्टवर ठेवा: ड्रिफ्ट सुरुवातीच्या ड्रिफ्टच्या वर १० मायक्रोग्रॅमच्या आत आला की संपलं. पावडर काचेच्या भिंतीवर उडाली तर तिथेच कोरडी बसते, म्हणून वेइंग बोटची चोच व्हेसलच्या मानेतून आत नेऊन सॅम्पल सोडा, आणि बोटचं पुन्हा वजन करून फरकावरून सॅम्पलचं वजन धरा. टाकल्यावर व्हेसल हलकेच फिरवून भिंत धुऊन घ्या.

अशा रीतीने केल्यावर आकडे कसे येतात ते पाहा. टार्ट्रेट १५२.४ मिग्रॅ.ला ४.६२ मिलि., १४८.९ ला ४.५१, १५५.१ ला ४.७०. फॅक्टर ५.१६६, ५.१७० आणि ५.१६८, सरासरी ५.१६८. पाण्याने काढलेला ५.१६५ त्याला लागून आहे. लॅक्टोज २५०.८ मिग्रॅ., रीडिंग २.४७ मिलि.

२.४७ × ५.१६८ = १२.७६ मिग्रॅ. पाणी, म्हणजे ५.०९ टक्के.

यातून ड्रिफ्ट वजा करायचा. ड्रिफ्ट १२ मायक्रोग्रॅम, ढवळण्यासकट वेळ सहा मिनिटं, म्हणजे ७२ मायक्रोग्रॅम, ०.०७ मिग्रॅ. उरलं १२.६९ मिग्रॅ., म्हणजे ५.०६ टक्के. स्फटिकाचे ५.०० आणि वरचं थोडं ओलं. तुमच्या सीओएचा ५.१ इथे बसतो, आणि तुमच्या रीएजंटची ताकद मी ५.१७ धरली ती यावरूनच: ५.४२ बरोबर मानला तर तुमचं टार्ट्रेट पूर्ण विरघळलं असं मानावं लागतं, आणि २४६ मिग्रॅ. ४० मिलि. नुसत्या मिथेनॉलमध्ये पूर्ण विरघळलेलं मी पाहिलेलं नाही. तुमच्या बाटलीचा नेमका आकडा अर्थात तुम्हालाच काढावा लागेल.

तरीही शंका राहिली की दोष फॅक्टरमध्ये आहे की रीडिंगमध्ये, तर एकच बॅच दोन वजनांत करा, १५० आणि ३०० मिग्रॅ. फॅक्टरची चूक प्रमाणात असते, ती दोन्ही वजनांना सारखेच टक्के जास्त-कमी दाखवते. बाहेरून आत येणारं पाणी वजनाकडे बघत नाही, ते दर वेळी साधारण तेवढंच येतं. समजा दर वेळी एक मिग्रॅ. जास्तीचं पाणी आत येतंय. १५० मिग्रॅ.मध्ये ते ०.६७ टक्के वाढवेल, ३०० मध्ये ०.३३. म्हणजे लहान वजन सीओएपेक्षा जास्त दाखवत असेल तर झाकण, सेप्टम, ड्राइंग ट्यूब बघा. मोठं वजन सीओएपेक्षा कमी दाखवत असेल तर न विरघळणं. दोन्ही सारखी पण सीओएपासून लांब असतील, तर फॅक्टर. हा प्रयोग मी नवीन पदार्थ पहिल्यांदा केएफवर घेताना नेहमीच करतो, मेथडमध्ये लिहिलेला नसला तरी.

एक मिग्रॅ. पाणी बाहेरून येणं ही आपल्याकडे अतिशयोक्ती नाही. ३० अंशांना हवेत लिटरमागे जास्तीत जास्त ३० मिग्रॅ. वाफ मावते. कोकणातल्या जुलैत आर्द्रता ८० टक्के धरली तर लिटरमागे २४ मिग्रॅ. स्टॉपर काढून सॅम्पल टाकताना व्हेसलमधली १०० मिलि. हवा बदलली तर २.४ मिग्रॅ. वाफ आत आली. ती सगळी लगेच मिथेनॉलमध्ये उतरत नाही, पण जेवढा वेळ टायट्रेशन चालेल तेवढी उतरत राहते. लॅक्टोजसाठी ढवळायला पाच मिनिटं देतो आपण, म्हणजे तिला पुरेसा वेळही देतो. तेच काम नागपूरला हिवाळ्यात, आर्द्रता ३० टक्के असताना, केलं तर त्याच १०० मिलि. हवेत पाऊण मिग्रॅ.सुद्धा नसतं. म्हणून पावसाळ्यात सॅम्पलआधी एक खोटं सॅम्पल करा: स्टॉपर उघडा, रिकामी बोट आत नेऊन बाहेर काढा, बंद करा, पाच मिनिटं ढवळा आणि रीडिंग घ्या. ते ०.०३ मिलि.च्या आत असेल तर विसरा. ०.१ च्या वर जात असेल तर वजा करून काम चालवण्याऐवजी आधी ड्राइंग ट्यूबमधली मॉलिक्युलर सीव्ह बदला. ती ओली झालेली वरून पाहून कळत नाही, सिलिका जेलसारखी ती रंग बदलत नाही. ओली झालेली सीव्ह २५० ते ३०० अंशांना रात्रभर भाजून घेतली की पुन्हा चालते, नेहमीच्या १०५ च्या ओव्हनमध्ये ठेवून काही उपयोग नाही.

तापमानाचाही फटका असतो, आणि तो फॅक्टरवर बसतो. रीएजंट तापला की फुगतो, दर अंशाला साधारण एक दशांश टक्का. सकाळी एसीत २२ अंशांना फॅक्टर काढला आणि दुपारी एसी बंद पडून बाटली ३० वर गेली, तर तोच मिलिलिटर पाऊण-एक टक्का कमी पाणी खातो. म्हणजे ५.१६८ चा ५.१२ झाला. लॅक्टोजच्या ५.०६ मध्ये यामुळे ०.०५ चा फरक पडतो, बॅच त्यावर पास-नापास होणार नाही, पण ‘काल जुळत होतं, आज का नाही’ याचं उत्तर पुष्कळदा इथे सापडतं. बाटलीशेजारी एक साधा थर्मामीटर ठेवा.

आता अनहायड्रस लॅक्टोज. मशीन चालेल, पण आत्ताच्या सेटिंगवर नाही. त्याची मर्यादा १.० टक्के, आणि चांगल्या मालात पाणी त्याहून बरंच कमी असतं. समजा ०.४ टक्के. २५० मिग्रॅ.मध्ये १ मिग्रॅ. पाणी, ५.१६८ च्या रीएजंटने ०.१९ मिलि. रीडिंग. ब्युरेटमध्ये एक बारीक बुडबुडा अडकला असेल तर तेवढ्यातच आकडा गेला. शिवाय सहा मिनिटांच्या ड्रिफ्टचे ०.०७ मिग्रॅ. मोनोहायड्रेटच्या १२.७ मध्ये दिसतही नव्हते, इथे ते ७ टक्के होतात. आणि पावसाळ्यात स्टॉपर उघडल्यावर येणारी वाफ तर सॅम्पलमधल्या पाण्याहूनही जास्त होऊ शकते.

तिथे दोन गोष्टी बदला. २ मिग्रॅ./मिलि.चा रीएजंट आणि ५ मिलि.ची ब्युरेट घ्या, वजन ५०० मिग्रॅ. करा. पाणी २ मिग्रॅ., रीडिंग १ मिलि.च्या आसपास, हे भरवशाने वाचता येतं. ५०० मिग्रॅ. त्या मिश्रणात विरघळतंय का हे मात्र आधी ड्रिफ्ट उतरतोय का त्यावरून पक्कं करा, नाहीतर पुन्हा तीच कथा. खोट्या सॅम्पलचं रीडिंग इथे दर वेळी घ्यायचं आणि वजा करायचं, ऐच्छिक नाही. २ चा रीएजंट पातळ असल्यामुळे बाहेरच्या वाफेने त्याचा फॅक्टर ५ च्यापेक्षा प्रमाणात लवकर उतरतो, त्यामुळे फॅक्टर त्याच दिवशीचा हवा. आणि त्यासाठी टार्ट्रेट ५०-६० मिग्रॅ. पुरे: ६० मिग्रॅ.मध्ये ९.४ मिग्रॅ. पाणी, म्हणजे ४.७ मिलि. त्याहून जास्त घेतलंत तर ५ मिलि.ची ब्युरेट मध्येच पुन्हा भरेल आणि भरण्याची चूक फॅक्टरमध्ये जाऊन बसेल.

कुलोमीटर असेल तर फॅक्टरची भानगडच राहत नाही. तिथे आयोडीन विजेने जागेवरच तयार होतं आणि १ मिग्रॅ. पाण्याला १०.७१ कुलोम लागतात, हा आकडा कुठल्याही बाटलीवर अवलंबून नाही. पण पावडर थेट त्याच्या सेलमध्ये टाकायला मी सांगणार नाही. दर वेळी झाकण उघडलं की दमट हवा आत जाते, आणि मोजायचं पाणीच इतकं थोडं असतं की ती वाफ त्यावर मात करते.